बातम्यांच्या टी-शर्टमागचा सट्टा: रीलमधला कोड कुणासाठी असतो?

प्रश्न: माझा भाचा अमळनेरला कॉलेजात आहे. तो ज्याचे अहिराणी कॉमेडी रील्स रोज बघतो, तो मुलगा हल्ली एका 'स्पोर्ट्स न्यूज'ची जाहिरात करतो आणि शेवटी 'मना कोड टाका', म्हणजे माझा कोड टाका, असं म्हणतो. त्याच नावाचा टी-शर्ट घातलेला एक मोठा माजी क्रिकेटपटूही दिसतो. भाचा म्हणतो, 'मावशी, ही बातम्यांची वेबसाइट आहे, सट्टा नाही. सट्टा असता तर एवढे मोठे लोक आले असते का?' हे खरं आहे का? आणि खोटं असेल तर त्याला दाखवून कसं द्यायचं?

उत्तर:

ताई, बातम्या वाचायला कोड लागत नाही. तिथूनच सुरुवात करा. भाच्याला एवढंच विचारा की पेपर किंवा बातम्यांची साइट वाचण्यासाठी त्याने आजवर कधी कुणाचा कोड टाकला होता का. कोड लागतो तो खातं उघडताना आणि पैसे भरताना. म्हणजे त्या रीलच्या शेवटी बातमी नाही, खातं आहे.

मी जळगावात जाहिरातीचं काम करतो. खान्देशातल्या बऱ्याच रील करणाऱ्यांचे दुकानांचे, साड्यांचे, ठिबकचे, क्लासेसचे करार माझ्यामार्फत होतात. सट्टेवाल्यांचे निरोपही याच वाटेने येतात. ते काम मी घेत नाही, पण त्यात काय लिहिलेलं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. ते कळलं की रील वाचणं सोपं होतं.

साडीच्या दुकानदाराचा करार साधा असतो: एक रील, इतके रुपये. सट्टेवाल्याचा प्रस्ताव वेगळा असतो. त्यात दोन प्रकार चालतात. पहिल्या प्रकारात कोड टाकून खातं उघडणाऱ्या आणि पहिले पैसे भरणाऱ्या प्रत्येक माणसामागे ठरलेली रक्कम मिळते. दुसऱ्या प्रकाराला 'रेव्हेन्यू शेअर' म्हणतात, आणि तो नीट समजून घ्या. कोडवरून आलेला माणूस पुढे जितके पैसे हरेल, त्यातला ठरलेला हिस्सा कोडवाल्याला मिळत राहतो. हा हिस्सा साधारण 25 ते 40 टक्क्यांच्या आसपास बोलला जातो. पुष्कळदा दोन्ही एकत्र देतात: सुरुवातीला ठोक रक्कम, पुढे हिस्सा.

आकड्यांत मांडून बघू. आकडे समजण्यापुरते मी धरलेले आहेत. समजा त्या मुलाच्या कोडवरून 200 पोरांनी खाती उघडली. आयपीएलच्या दोन महिन्यांत एकेकाचे सरासरी 1,500 रुपये गेले. एकूण हार झाली 3 लाख. हिस्सा 30 टक्के धरला तर त्या मुलाला 90,000 मिळाले. आता उलटं बघा. त्या दोन महिन्यांत ही 200 पोरं मिळून जिंकली असती, तर त्याला हिस्सा शून्य. काही करारांत तर ती रक्कम वजा म्हणून पुढच्या महिन्यात ओढली जाते, म्हणजे पोरांनी ती परत हरेपर्यंत कोडवाल्याला काहीच मिळत नाही. 'भावांनो, जिंका' असं म्हणणाऱ्या माणसाची कमाई तुमच्या जिंकण्यावर नाही, तुमच्या हरण्यावर लिहिलेली आहे. हे पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून मला ते ठासून सांगावंसं वाटतं.

हे ओळखायचं कसं? कोड त्या मुलाच्या स्वतःच्या नावाचा असतो, पुढे दोन-तीन आकडे. बायोमधली लिंक दाबून धरली (उघडायची नाही, फक्त दाबून धरायची) तर पुष्कळदा पूर्ण पत्ता दिसतो. त्यात पुष्कळदा `btag=` किंवा `pid=` यासारखा तुकडा आणि पुढे त्याचा नंबर असतो. नुसत्या अशा तुकड्याने सट्टा सिद्ध होत नाही, कपडे विकणाऱ्या साइटही हिशेबासाठी तसलेच तुकडे वापरतात. पण 'बातम्या', कोड, 'बोनस' आणि हा तुकडा हे चारही एकत्र दिसले की शंकेला जागा उरत नाही.

आता बातम्यांच्या साइटचं बघू. तिला सरोगेट जाहिरात म्हणतात. ज्या मालाची जाहिरात करायला बंदी आहे, त्याच नावाचा, त्याच चिन्हाचा दुसरा निरुपद्रवी माल पुढे करायचा आणि लोकांच्या डोक्यात पहिल्याचंच नाव बसवायचं. दारूच्या नावाचा सोडा आणि गुटख्याच्या नावाची वेलची आपण वर्षानुवर्षं बघत आलो. सट्ट्यात सोड्याच्या जागी बातम्यांची साइट आली. 3 ऑक्टोबर 2022 ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीव्ही वाहिन्यांना आणि डिजिटल माध्यमांना जी सूचना काढली, तिच्यात हेच लिहिलं होतं: परदेशी सट्टा कंपन्या बातम्यांच्या साइटचं रूप घेऊन जाहिरात करत आहेत, दोन्हींची चिन्हं हुबेहूब सारखी आहेत, आणि भारतातल्या कुठल्याही कायद्याखाली त्यांची नोंदणी नाही.

तुम्ही भाच्याला शेजारी बसवून ती साइट मोबाइलवर उघडा आणि चार गोष्टी शोधायला सांगा. संपादकाचं नाव, कार्यालयाचा पत्ता आणि बातम्यांखाली वार्ताहराचं नाव या तीन गोष्टी सहसा सापडत नाहीत. चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: या साइटला पैसे कुठून मिळतात? आपल्याकडचं कुठलंही दैनिक घ्या. त्यात सोन्याच्या पेढ्या, बियाणं, शाळा यांच्या जाहिराती असतात, वर्गणी असते. या साइटवर जाहिरात नसते, वर्गणी नसते, तरी ती क्रिकेटपटूला कोट्यवधी रुपये देऊ शकते. बातम्या फुकट वाटून तो पैसा निघत नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी धंद्यातून येतो, आणि तो धंदा कोणता हे साइटचं चिन्हच सांगतं. ते चिन्ह आणि तेच रंग घेऊन मोबाइलवर शोधलं की पहिल्याच पानावर सट्ट्याची साइट येते. कधी फरक फक्त एका अक्षराचा असतो: सट्ट्याची साइट 1xBet, आणि जाहिरातीत दिसणारं नाव 1xBat.

याच प्रकरणाचं पुढे काय झालं ते भाच्याला सांगा, कारण 'एवढे मोठे लोक आले असते का' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, 2025 मध्ये या प्रकरणात सुरेश रैना, शिखर धवन, युवराज सिंग, रॉबिन उथप्पा यांच्यासह काही अभिनेत्यांना चौकशीला बोलावलं. नोव्हेंबर 2025 मध्ये रैना आणि धवन यांची मिळून 11.14 कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. ईडीचं म्हणणं असं की या दोघांनी परदेशी कंपन्यांशी करार करून मूळ सट्टा कंपनीची आणि तिच्या सरोगेट नावांची जाहिरात जाणूनबुजून केली. हे आरोप आहेत, निकाल नव्हे, आणि तसंच सांगितलं पाहिजे. पण मोठा माणूस दिसला म्हणजे तो धंदा तपासून घेतलेला आहे, हा जो भाच्याचा समज आहे, तो इथे टिकत नाही.

टी-शर्टवाला क्रिकेटपटू आणि अहिराणी रीलवाला मुलगा यांची कामं वेगळी आहेत, हेही लक्षात घ्या. क्रिकेटपटूला बहुधा ठोक रक्कम मिळते. तो 'खेळा' म्हणत नाही, कोड देत नाही, पैशांचं नाव काढत नाही. त्याचं काम फक्त ते नाव ओळखीचं करणं. ते टीव्हीवर, मैदानाच्या कडेला, टी-शर्टवर इतक्यांदा दिसतं की परकं वाटत नाही. त्या ओळखीवर पुढचा माणूस काम करतो: आपल्या बोलीत बोलणारा, पोरांना घरचा वाटणारा. अहिराणी रीलवाल्यांना हे प्रस्ताव जास्त येतात त्याचं कारण त्यांची लोकप्रियता एवढंच नाही. त्यांचा बघणारा वर्ग धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यात एकवटलेला असतो आणि त्यांच्यावर विश्वास ठेवतो. मुंबईतल्या मोठ्या नावाला लाखो बघतात, पण कोड फार थोडे टाकतात. गावच्या भाषेतल्याला कमी बघतात, पण कोड जास्त टाकतात. तिसरा माणूस व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर बसलेला असतो. तो सट्ट्याच्या साइटवरचा 'आयडी', म्हणजे खातं, देतो आणि पैसे घेतो. तिघांपैकी कुणा एकाचंच बघितलं तर सट्टा दिसत नाही. क्रिकेटपटू बातम्या दाखवतो, रीलवाला 'ऑफर' सांगतो, आयडीवाला नुसता एक नंबर असतो. म्हणून जाहिरात वाचताना ती रीलपाशी थांबवू नका. पैसे कुणाच्या खात्यात जातात तिथपर्यंत तिचा माग काढा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली 9 जून 2022 ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांनी सरोगेट जाहिरातीला सरळ बंदी घातली. कसोटी अशी: बंदी असलेल्या मालाचं नाव, चिन्ह, रंग किंवा मांडणी वापरून जाहिरात त्याच मालाकडे बोट दाखवत असेल तर ती सरोगेट. नुसतं नाव सारखं असणं पुरेसं नाही, आणि कंपन्यांचे वकील याच फटीतून वाट काढायला बघतात. या कायद्यात दंड पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत आहे, आणि जाहिरात करणाऱ्या व्यक्तीवर एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंतची बंदी घालता येते. मार्च 2024 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने इन्फ्लुएन्सरांना उद्देशूनच सूचना काढली की सट्ट्याची आणि त्याच्या सरोगेटची जाहिरात करू नका, नाहीतर सोशल मीडियावरचं खातंही बंद होऊ शकतं.

मग ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पूर्वी 'हा कौशल्याचा खेळ आहे' असं म्हणून पैशांचे खेळ सुटत. या कायद्याने तो भेदच काढून टाकला: कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. भाचा अडकला असेल तर हे त्याला आधी सांगा, म्हणजे तो भीतीने लपवणार नाही. याच कायद्यानंतर भारतीय संघाच्या जर्सीवरचा ड्रीम इलेव्हन हा प्रायोजक गेला. भारतात नोंदलेल्या कंपन्यांना नियम लागू करणं सरकारला तुलनेने सोपं जातं. परदेशातून चालणारी साइट एक पत्ता बंद झाला की दुसऱ्या पत्त्यावर उभी राहते. म्हणून आता जी जाहिरात दिसते ती जास्त करून त्यांचीच, आणि तिला बातम्यांचा मुखवटा पूर्वीपेक्षा जास्त लागतो.

आता त्या रीलमधल्या 'बोनस'कडे येऊ. पोरं तिथेच फसतात आणि आकडेमोड करून बघितली तर तिथेच डोळे उघडतात.

ऑफर असते: 1,000 भरा, वर 1,000 बोनस. अट बारीक अक्षरांत असते, रीलमध्ये नसते. तिचा नेहमीचा नमुना असा: बोनसच्या पाचपट रकमेचे डाव लावा, प्रत्येक डावात किमान तीन सामने एकत्र, प्रत्येकाचा भाव किमान 1.40, आणि हे सगळं 30 दिवसांत. तोपर्यंत बोनस काढता येत नाही.

आधी भाव म्हणजे काय ते बघू. दोन्ही संघ अगदी बरोबरीचे असतील तर न्याय्य भाव 2.00 हवा: 100 लावले, जिंकलात तर 200 परत. साइट दोन्हींना 1.90 देते. दोन्ही बाजूंना 100-100 लागले तर तिच्याकडे 200 आले आणि कुणीही जिंको, 190 गेले. दर शंभरामागे पाच रुपये तिचे. सामना कोण जिंकतो याची तिला फिकीर नाही.

आता तीन सामने एकत्र. प्रत्येकात पाच टक्के कापले जातात आणि तिन्ही एकमेकांवर चढतात. 1.40 भाव असलेला संघ जिंकण्याची खरी शक्यता साधारण 68 टक्के धरा. ऐकायला भक्कम वाटते. पण तिन्ही संघ जिंकले तरच डाव लागतो, आणि 0.68 ला तीनदा गुणलं की 0.31 उरतं. म्हणजे असे शंभर डाव लावले तर साधारण 31 लागतात, 69 जातात. लागलेल्या डावात 100 चे सुमारे 274 मिळतात. हिशेब केला तर दर 100 रुपयांमागे सरासरी 85-86 परत येतात, 14 जातात. पाचपट म्हणजे 5,000 चे डाव लावायचे, त्यात सरासरी 700 च्या आसपास साइटकडे परत गेले. हजाराच्या 'फुकट' बोनसमधले तीनशे उरले, तेही सरासरीने. प्रत्यक्षात पुष्कळांचे पहिले दोन-तीन डाव सलग जातात, बोनस शून्यावर येतो आणि पोरगं अट पुरी करायला स्वतःचे हजार लावायला लागतं. बोनसचं काम तेच आहे. भाच्याला गणित येत असेल तर हे त्याला तुम्ही सांगू नका, त्याच्याकडूनच कागदावर करून घ्या. स्वतः केलेली आकडेमोड पोरं मानतात.

रीलमध्ये जिंकल्याचा स्क्रीनशॉट असतोच. प्रचार करणाऱ्यांना कंपनी पुष्कळदा दाखवण्यासाठीचं खातं देते. त्यात आकडे असतात, पैसे नसतात. काही जण सरळ चित्रच बदलतात. एवढं पाहा: स्क्रीनवर 'शिल्लक' दिसते की बँकेत जमा झालेली रक्कम? तीन महिन्यांचं भरलेलं आणि काढलेलं दोन्ही दाखवणारा कुणी सापडत नाही. टेलिग्रामवर 'पक्की टीप' देणाऱ्याची युक्ती याहून जुनी आहे. अर्ध्या लोकांना एका संघाचं नाव द्यायचं, अर्ध्यांना दुसऱ्याचं. ज्यांना बरोबर लागलं त्यांचे पुन्हा दोन भाग. चार सामन्यांनंतर 1,600 मधल्या 100 जणांना चारही टिपा अचूक मिळालेल्या असतात, आणि ते 100 जण त्या माणसासाठी शपथ घ्यायला तयार असतात.

पैसे जातात कुठे, हे आता बघा. आयडीवाला जो यूपीआय पत्ता किंवा क्यूआर देतो, त्यावर साइटचं नाव येत नाही. कुठल्या तरी परगावच्या माणसाचं किंवा दुकानाचं नाव येतं, आणि ते दर काही दिवसांनी बदलतं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्याच खात्यांतून ऑनलाइन फसवणुकीचे पैसेही फिरतात. इथे आपल्या भागातल्या घरांना बसणारा फटका असा: पोराने पाचशे जिंकले आणि ते वडिलांच्या खात्यात आले. ज्या खात्यातून ते आले, त्यावर दुसऱ्या राज्यात कुणीतरी फसवणुकीची तक्रार केली. पोलीस पैशांचा माग काढतात आणि साखळीतल्या पुढच्या खात्यांतली रक्कम बँक अडवून ठेवते. कधी तेवढीच रक्कम अडते, कधी खातंच गोठतं. कापसाचे किंवा केळीचे पैसे त्यात आलेले असतात, पेरणी तोंडावर असते, आणि माणसाला कळतही नाही की हे पाचशे रुपयांमुळे झालं. असं झालं तर बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या पोलीस ठाण्याच्या, कुठल्या क्रमांकाच्या तक्रारीवरून रक्कम अडवली. तो क्रमांक मिळाल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही.

भाच्याने पैसे लावले आहेत की नाही, हे त्याला विचारून कळणार नाही. भांडूही नका. यूपीआय अ‍ॅपमधली गेल्या तीन महिन्यांची यादी दोघांनी मिळून बघा. अनोळखी व्यक्तींना गेलेल्या 200, 500, 1,000 अशा गोल रकमा, विशेषतः संध्याकाळी सामन्याच्या वेळच्या, एका बाजूला लिहा. अनोळखींकडून आलेल्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही बेरजा त्यालाच करू द्या. हरणाऱ्याला जिंकलेले दोन दिवस आठवतात, बाकीचे आठवत नाहीत. यादी मात्र विसरत नाही. रक्कम मोठी असेल किंवा त्याने उधारी केली असेल तर एकट्याने पेलू नका, त्याच्या आई-वडिलांना त्याच्यासमोरच सांगा, मागे नको.

आणि त्या रीलची तक्रार करा. स्टोरी 24 तासांत जाते, म्हणून आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. त्यात खात्याचं नाव, तारीख, कोड आणि लिंक उघडल्यावर शेवटी येणाऱ्या साइटचा पत्ता दिसला पाहिजे. खातं उघडू नका, पैसे भरू नका, पुराव्यासाठीही नाही. पैसे गेले असतील तर 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर, आणि जेवढ्या लवकर तेवढं बरं, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. नुसत्या जाहिरातीची तक्रार ग्राहक हेल्पलाइन 1915 वर करा, शिवाय इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर त्या व्हिडिओखालच्या 'रिपोर्ट'मध्येही करा. साइट परदेशात असल्याने तिच्यावर कारवाई होईलच असं नाही. पण रील करणारा इथला आहे, कायद्याच्या आवाक्यात आहे.

त्या मुलालाही एक निरोप पाठवा, शिव्या न देता. या पोरांपैकी बऱ्याच जणांना करार इंग्रजीत येतो, पूर्ण वाचलेला नसतो, आणि 'न्यूज प्रमोशन' एवढंच सांगितलेलं असतं. त्याला दोनच गोष्टी विचारा: तुझ्या कोडवरून आलेला माणूस हरला तर तुला पैसे मिळतात का, आणि 2025 च्या कायद्यात जाहिरात करणाऱ्याला किती शिक्षा आहे हे तुला कंपनीने सांगितलं का? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काहींनी या दोन प्रश्नांवरच रील काढून टाकले आहेत. ज्यांनी काढले नाहीत, त्यांच्याबद्दल तक्रार करताना मग मी कचरत नाही.